रात्रीच्या फ्लॅशमधली माणसं दिवसाच्या पार्श्वभूमीवर: उजेड जुळवायचा कसा?

जास्वंद

दोन फोटो एकत्र करायचे आहेत. पहिला रात्रीचा: आजी-आजोबा शेजारी शेजारी उभे, पायापासून डोक्यापर्यंत. कॅमेऱ्याचा अंगचाच फ्लॅश, कॅमेरा उभा धरलेला, आयएसओ ८००, फक्त जेपेग आहे, रॉ नाही. आजोबा पांढरा सदरा, धोतर आणि काळी टोपी. आजी जरीकाठी नऊवारीत. मागे मंडपातला काळोख आणि कोपऱ्यात पिवळे दिवे.

दुसरा दिवसाचा: गावचं कौलारू घर, पुढे पडवी, त्यापुढे अंगण. सकाळी ११ च्या सुमारास फोनवर काढलेला, ऊन डावीकडून आणि बऱ्यापैकी वरून. दोघांचा गावापर्यंतचा प्रवास आता होत नाही, म्हणून त्यांना अंगणात उभं करून १२ × १८ इंची प्रिंट काढायची आहे.

कापून लावले तर पुठ्ठ्याचे कटआउट उभे केल्यासारखे दिसतात. ब्राइटनेस, काँट्रास्ट, सावली सगळं करून झालं. नेमकं काय खटकतंय आणि कुठून सुरुवात करायची?

लखलखाट

ताई, रंगाची चिंता सोडा. फ्लॅश साधारण ५५०० केल्व्हिनचा असतो आणि दिवसाचा उजेडही तेवढाच, त्यामुळे व्हाइट बॅलन्स आपोआप जुळतो. तुमचा घोळ फक्त सावलीच्या दिशेचा आहे. फ्लॅशची सावली एका बाजूला पडली असेल आणि ऊन दुसऱ्या बाजूचं असेल. माणसांचा थर आडवा उलटा करा, पायाशी एक काळा लंबगोल काढून ब्लर करा. काम झालं.

वैभव_लेन्स

दिवसा फ्लॅश वापरायचा तर शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका, नाहीतर फ्रेमच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. अ‍ॅपर्चर बंद करा किंवा हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश घ्या. एनडी फिल्टर लावूनही जमतं.

जास्वंद

@वैभव_लेन्स, फोटो काढायचा नाहीये, आधीच काढलेले दोन जोडायचे आहेत. आभार मात्र नक्की.

कृष्णधवल

लखलखाट यांच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे. फ्लॅशचा रंग उन्हाच्या जवळचा असतो. पण दिवसा माणसावर एकटं ऊन पडत नाही. उन्हाकडची बाजू उन्हाच्या रंगाची असते, तर उरलेल्या अंगावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो आणि तो ७०००-८००० केल्व्हिन किंवा त्याहूनही निळा असतो. खालून जमिनीचा उजेड उसळतो, त्याला जमिनीचा रंग. म्हणजे एकाच पांढऱ्या सदऱ्यावर दिवसा तीन रंग असतात. फ्लॅशमध्ये एकच असतो. कटआउटचा भास होण्याचं एक कारण तेच.

उलटं करणं तर अजिबात नको. आजींची नथ उजव्या नाकपुडीत जाईल, पदर उजव्या खांद्यावर येईल, आजोबांच्या सदऱ्याची बटणपट्टी उलटी होईल. बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही, घरच्यांना पहिल्या नजरेत खटकेल. कारण सांगता येणार नाही, पण "आजी वेगळी दिसते" असं नक्की म्हणतील.

आता मूळ मुद्दा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश भिंगाला जवळजवळ चिकटून असतो. त्यामुळे उजेड समोरून येतो आणि चेहऱ्यावर घडण उरत नाही. सकाळी ११ चं ऊन डावीकडून वरून येतं. त्यात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली गालावर पडते, हनुवटीखाली गळा अंधारतो. ही घडण फ्लॅशच्या फोटोत मुळात नोंदलेलीच नाही. ती हाताने रंगवायची म्हणजे दोन चेहरे नव्याने चितारायचे. १२ × १८ ला ते पकडलं जातं.

म्हणून माणसांवरचा उजेड बदलायच्या भानगडीत पडू नका, पार्श्वभूमी बदला. दिवसा उजेड खरोखर समोरून येतो अशी जागा शोधा. ती तुमच्या फोटोतच आहे: पडवी.

पडवीत उभ्या माणसावर छपरामुळे वरचं आकाश पडत नाही. समोरचं उघडं अंगण हाच त्याचा दिवा. अंगणात ऊन असेल तर जमिनीवरून उसळलेला उजेड खालून-समोरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी भरतो, अगदी फ्लॅश भरतो तशा. दिशा जवळपास जुळलीच. उरतात तीन गोष्टी: फ्लॅशच्या सावल्यांची धारदार कड, डोक्यापासून पायापर्यंत कमी होत गेलेला उजेड आणि रंग. तिन्ही आवाक्यातल्या आहेत.

पहिल्यांदा दोन गोष्टी सांगा. आजोबांच्या नाकाची सावली कुठल्या बाजूला आहे? आणि एकाची सावली दुसऱ्यावर पडली आहे का?

जास्वंद

सावली किंचित उजवीकडे. आणि हो, आजोबांच्या खांद्याची सावली आजीच्या पदरावर पडली आहे, कडक रेघेसारखी. आजी अर्ध्या पावलाने मागे उभी आहे.

पण पडवीचा असा फोटो माझ्याकडे नाही. अंगणातूनच घेतलेला आहे, त्यात पडवी लहान आणि काळपट दिसते. मावसभाऊ गावी असतो, त्याला काढायला सांगू शकते. काय सांगू?

कृष्णधवल

नवा फोटो मिळत असेल तर निम्मं काम तिथेच होतं. कॅमेरा उभा धरल्यावर फ्लॅश डावीकडे गेला, म्हणून सावली उजवीकडे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आधी रात्रीच्या फाइलमधून माहिती काढा:

```
exiftool -FocalLengthIn35mmFormat -FNumber -ISO -Orientation raatra.jpg
```

भावाला हे सांगा.

वेळ अशी निवडायची की पडवीच्या आत ऊन येत नाही, पण अंगणात आहे. पडवी पूर्वेला उघडत असेल तर दुपारनंतर, पश्चिमेला असेल तर सकाळी. अंगणातला उन्हाचा तुकडा चौकटीत येऊ देऊ नका. सावलीप्रमाणे एक्सपोजर धरलं की तो पांढराफटक जळतो.

अंतर रात्रीच्याइतकंच ठेवा. यथादर्शन अंतरावर ठरतं, झूम करून ते बदलत नाही. पूर्ण उंचीच्या उभ्या फोटोला साधारण अडीच मीटर असणार. कॅमेऱ्याची उंची रात्रीच्या फोटोतूनच काढा: जमिनीवरच्या फरशीच्या किंवा सतरंजीच्या समांतर रेघा मागे वाढवा, त्या जिथे मिळतात ती क्षितिजाची पातळी. ती आजोबांच्या हनुवटीवरून जात असेल तर कॅमेरा त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर होता. भावाने तीच उंची धरायची. इथे एक वीत चुकली तर माणसं तरंगतात किंवा जमिनीत रुततात, आणि आपण उगाच सावलीला दोष देत बसतो.

कॅमेरा तिकाटण्यावर किंवा स्टुलावर घट्ट ठेवायचा. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही कुलूपबंद. व्हाइट बॅलन्स "डेलाइट"वर, ऑटोवर नाही. मग दोन फोटो: एक रिकामी पडवी, दुसऱ्यात आजोबांच्या जागी पांढरा सदरा घातलेलं कोणीतरी. या दुसऱ्या माणसाला नमुना म्हणू. त्या जागी पांढरं कापड किती उजळ आणि किती निळं दिसतं, पायाशी सावली कशी पडते, सगळी उत्तरं तो एकटा देतो.

खडूफळा

पडवीचा सल्ला पटला. त्यात माझी एक भर: दोघांची डोकी दाराच्या उघड्या काळोखावर येतील अशी जागा धरा.

कारण केसांची कड. रात्रीच्या फोटोत काळी टोपी आणि आजींचे काळसर केस काळ्या मंडपावर आहेत. तिथे कड नोंदलेलीच नाही, केस कुठे संपले आणि रात्र कुठे सुरू झाली ते फाइललाच माहीत नाही. कुठलंही सिलेक्शन टूल तिथे अंदाजच करतं. उजळ भिंतीवर ठेवलंत तर डोक्याभोवती काळा कोट दिसतो किंवा केस कात्रीने कापल्यासारखे दिसतात. मागे दाराचा काळोख असेल तर काळ्यावर काळं बसतं आणि प्रश्न निम्मा मिटतो.

खांदे आणि पदर मात्र उजळ भागावर येतीलच. तिथे मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या. फोटोशॉपमध्ये असाल तर `Layer > Matting > Remove Black Matte` करून बघा, कापडाच्या कडेला चालतं, केसांना फारसं नाही. मंडपाच्या दिव्यांची पिवळी झिलई टोपीच्या किंवा खांद्याच्या कडेला असेल तर वर `Color` मोडचा नवा थर घेऊन शेजारच्या कापडाचा रंग हलक्या ब्रशने फिरवा. ती पिवळी कड दिवसा कुठूनच येऊ शकत नाही, आणि नजर नेमकी तिथेच जाते.

डोंगरवाट

माझंही असंच आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या गटाचा रात्रीचा तंबूसमोरचा फ्लॅश फोटो आहे, तीन रांगांत १४ जण. तो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताच्या फोटोवर बसवायचा आहे. मागची रांग खूप काळी आहे. पूर्ण फोटो उजळला की पुढचे पांढरे पडतात.

कृष्णधवल

@डोंगरवाट, मागची रांग काळी आहे ती फ्लॅशपासूनच्या अंतरामुळे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. स्टॉपमध्ये हिशेब असा:

```
फरक = 2 × log2(लांबचे अंतर / जवळचे अंतर)
```

पुढची रांग २ मीटरवर आणि मागची २.८ मीटरवर असेल तर मागे जवळजवळ एक स्टॉप कमी. मधली २.४ वर असेल तर अर्ध्या स्टॉपने कमी. म्हणून रांगेगणिक वेगळा मास्क करा आणि प्रत्येकीला तिच्या वाट्याचं एक्सपोजर द्या. हे `Exposure` नेच करा, ब्राइटनेसने नाही. `Exposure` उजेडाला सरळ गुणतं, म्हणून फ्लॅशची घट तेवढीच उलटते. ब्राइटनेस काळे भागही धूसर करून टाकतं.

तुमचा सूर्यास्त हा वेगळा प्रकार आहे. कोकणकडा पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य माणसांच्या मागे. सूर्य पाठीशी आणि समोरून फ्लॅश, असे फोटो लोक मुद्दाम काढतात, तेव्हा समोरच्या उजेडाची अडचण नाही. पण खऱ्या फोटोत केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला नारिंगी रेघ असते, ती तुमच्याकडे नाही. १४ जणांना ती रंगवायची तर चिकाटी हवी.

खडूफळा

रंगवू नकाच असं मी म्हणेन. त्याऐवजी सूर्य मावळून गेल्यानंतरचा कोकणकडा वापरा. सूर्य क्षितिजाखाली गेला की आकाश उजळ राहतं, पण ती कडक नारिंगी रेघ खऱ्या माणसांनाही येत नाही. चेहरे मात्र थोडे उबदार करा, म्हणजे निळसर संध्याकाळीत पांढरेफटक दिसणार नाहीत.

डोंगरवाट

मावळल्यानंतरचा फोटो आहे, पण त्यात रंग कमी आहेत. रांगेचं सूत्र आज लावून बघतो. रेघेचं अजून ठरत नाही.

जास्वंद

भावाने दोन्ही फोटो पाठवले. पडवी पूर्वेला आहे, त्याने दुपारी साडेतीनला काढले. नमुना म्हणून शेजारचे काका पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले. दार मधोमध उघडं आणि आत काळोख. आजी-आजोबांना बसवलं आणि खरं सांगते, काही न करताच पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं दिसतंय!

मी गिंपमध्ये करते आहे. खटकतंय ते असं: चेहरे उजळ आणि पाय अंधारात. दोघंही पिवळसर वाटतात. टोपी आणि डोळे फार काळे. पदरावरची रेघ. आणि जरी चमकते.

कृष्णधवल

याच क्रमाने घ्या. आधी उजेड, मग रंग, मग काळा. क्रम बदललात तर एक दुरुस्ती दुसरीला बिघडवते.

धोतर हा तुमचा मीटर आहे. आजोबांच्या सदऱ्याचा खांदा आणि धोतराचा खालचा काठ या दोन ठिकाणचे आकडे `Color Picker` ने वाचा, घडीवर नको, सपाट भागावर. तो `Sample average` वर ठेवा. काय येतं?

जास्वंद

खांद्यावर हिरव्याचा २३२, धोतराच्या काठावर २००.

कृष्णधवल

म्हणजे साधारण अर्धा स्टॉप. हिशेबही तसाच येतो: फ्लॅश दीड मीटर उंचीवर आणि चेहरा २.५ मीटरवर असेल तर पाय तिरक्या रेषेत सुमारे २.९ मीटरवर पडतात, तेवढ्याने अर्ध्याला किंचित कमी स्टॉप घटतो.

माणसांच्या थराची प्रत काढा, तिच्यावर `Colors > Exposure` मध्ये ०.५ द्या, मग तिला काळा लेयर मास्क लावून त्यात कमरेपासून पावलांपर्यंत पांढरा होत जाणारा ग्रेडियंट ओढा. कमरेच्या वर हात लावू नका. नंतर काकांच्या फोटोत हेच दोन बिंदू वाचा. पडवीतही पाय आणि खांदा सारखे असतीलच असं नाही, अंगणाची जमीन जवळ असल्याने पाय कधी अधिक उजळही असतात. काकांचा जो फरक निघेल तो तुमचा. त्या प्रतीच्या थराची अपारदर्शकता तेवढी ठेवा.

आजी अर्धं पाऊल मागे आहेत, म्हणजे वीस सेंटिमीटर धरा. त्याची घट जेमतेम पाव स्टॉप. ती राहू द्या, पडवीत मागे गेलं की उजेड थोडा कमी होतोच.

लखलखाट

रंगाचं माझं वाक्य मागे घेतो, पण मग पिवळसर का दिसतात? फ्लॅशखाली सदरा पांढराच होता ना?

कृष्णधवल

फ्लॅशखाली तो पांढराच आहे. पडवी "डेलाइट"वर काढली, म्हणून सावलीतला निळसरपणा तिच्यात टिकून आहे. त्या निळसर आजूबाजूत पांढरा सदरा पिवळा भासतो.

इथेही काकांचा सदरा वाचा. छातीवर लाल-हिरवा-निळा समजा २०४, २०८, २१७ आले, तर आजोबांचा सदरा त्याच तफावतीला आणा: `Colors > Curves` मध्ये निळा थोडा वर, लाल किंचित खाली. पांढऱ्याचे बिंदू ओढा, मधले नाही. सगळ्या अंगाला एकच रंग दिलात तर पुन्हा सपाट दिसेल. काकांच्या खांद्याचा वरचा पृष्ठभाग आणि सदऱ्याची खालची कड वाचून बघा. मातीचं अंगण असेल तर खालची कड उबदार निघेल. तेवढा फरक मोठ्या, मऊ ब्रशने मास्कमधून द्या. त्वचेला मात्र यातलं निम्मंच द्या. त्वचा पूर्ण निळी केली की माणूस आजारी दिसतो, जरी मोजमाप बरोबर असलं तरी.

जास्वंद

जमलं! सदऱ्याचा फरक मोठा नव्हता, पण झाल्यावर एकदम "तिथे" उभे असल्यासारखे वाटतात. आता काळं.

खडूफळा

काळं सोपं आहे. टोपीतला सर्वांत गडद बिंदू आणि दाराच्या आतला सर्वांत गडद बिंदू वाचा. रात्रीच्या फोटोत टोपी २-३ असेल, दार १५-२० च्या आसपास आणि किंचित निळं. कर्व्हचं डावं खालचं टोक वर उचलून टोपी दारापेक्षा जरा गडद, पण त्याच घराण्यात आणा. तिन्ही रंगांना वेगवेगळं. डोळ्यांच्या बाहुल्या त्याच कर्व्हने सुधारतात. मंडपात टोपीच्या माथ्यावर काहीच पडलं नव्हतं, पडवीत काकांच्या केसांवर हलकी करडी छटा आहे का बघा. असेल तर तेवढीच टोपीवर द्या.

कृष्णधवल

पदरावरची रेघ: सावली पूर्ण पुसू नका. दोन माणसं खेटून उभी असली की मऊ उजेडातही मधला भाग गडद असतोच. खोटी आहे ती फक्त धार. सावलीतला भाग ०.६-०.७ स्टॉपने उजळ करा, पण मास्क कडेला चांगला फेदर करून, म्हणजे दोन बोटं रुंदीत उजेड विरेल. मूळ रेघ तरी दिसत असेल तर तिच्यावरून क्लोन ब्रश ३० टक्क्यांवर, जरीच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. हनुवटीखालच्या सावलीला तेच. उजळलेल्या भागात नॉइज वर येईल, ते नंतर सगळ्यालाच दाणा देताना झाकलं जातं.

कपाळाची चमक: क्लोन ब्रश `Darken only` मोडमध्ये, अपारदर्शकता ३५ च्या आसपास, गालाच्या चमक नसलेल्या त्वचेवरून नमुना घेऊन. एक तृतीयांश चमक राहू द्या. पडवीतही कपाळाला समोरच्या अंगणाचा तवंग असतो, फक्त तो पसरट आणि मंद.

पायाची सावली हाताने काढू नका, भावाने ती आधीच दिली आहे. काकांचा फोटो खाली, रिकामी पडवी त्याच्यावर `Divide` मोडमध्ये. जिथे काही बदललं नाही तिथे पांढरं, सावलीच्या जागी करडं. ते `New from Visible` ने एका थरात घ्या, काका मास्कने काढून टाका, उरलेली सावली `Multiply` मोडमध्ये आजोबांच्या पायाखाली. आजींसाठी त्याचीच प्रत सरकवून. ती काळा लंबगोल नसते: टाचेला चिकटून गडद, लगेच विरणारी, आणि मागे भिंतीकडे जाणारी.

लखलखाट

हे नवीन शिकलो. पण काकांच्या वेळी ढग सरकला असेल तर?

कृष्णधवल

मग `Divide` केल्यावर रिकाम्या भिंतीवर पांढरं न येता सगळीकडे सारखं करडं येईल. भिंत पांढरी होईपर्यंत `Levels` चं उजवं टोक आत घ्या. डाग-डाग आले तर कॅमेरा हलला आहे, मग ती जोडी सावलीच्या कामाची नाही, फक्त आकडे वाचायला वापरा.

जास्वंद

@लखलखाट, ढग नव्हता. भिंत जवळजवळ पांढरी आली, सावली झकास बसली. आता उरली जरी. फ्लॅशने काठाचा बराच भाग २५५ झालाय, तिथे नक्षीच नाही.

खडूफळा

जेपेगमध्ये २५५ म्हणजे तिथे काही नाही, परत आणायलाही नाही. रॉ असता तर थोडं निघालं असतं. मी त्या तुकड्यांवर शेजारच्या न जळलेल्या काठाची नक्षी क्लोन करेन.

कृष्णधवल

मी नाही करणार. नऊवारीच्या काठाची नक्षी प्रत्येक निरीत वळते, क्लोन केलेली सरळ राहते आणि उलट नजरेत भरते. जळलेल्या भागावर फक्त फिका सोनेरी रंग भरून उजळपणा २३५ पर्यंत उतरवा, नक्षीचा हट्ट सोडा.

खडूफळा

बारीक निऱ्यांत तुमचं बरोबर, पण पदराचा काठ तिथे सपाट पडलाय. तिथे सोनेरी पट्टा रंगासारखा दिसेल. दोन्ही वेगळ्या थरांवर करून बघा ताई, आणि स्क्रीनवर ठरवू नका. काठाचा भाग खऱ्या आकारात ४ × ६ इंची मॅट कागदावर छापा. छापताना सर्वांत उजळ भाग थोडे दबतात, स्क्रीनवरचा फरक कदाचित उरणारही नाही.

दाण्याचं राहिलं: पडवी कमी आयएसओची, माणसं ८०० ची. माणसांचा नॉइज घासून काढू नका, चेहऱ्याच्या सुरकुत्या जातील. नॉइज पडवीला द्या, १०० टक्क्यांवर दोन्ही शेजारी ठेवून, दाण्याचा आकारही बघा.

जास्वंद

दोन्ही प्रकारे काठ केला आहे, उद्या तुकडे छापून आणते. अजून एक: आजोबांच्या चष्म्याच्या काचेत फ्लॅशचा पांढरा ठिपका आहे, अगदी बाहुलीला लागून. तो काढला तर डोळा निर्जीव दिसतो, ठेवला तर फ्लॅश कळतो.

कृष्णधवल

काचेवरचा काढा, बुबुळातला ठेवा. बुबुळातला ठिपका बारीक आहे, त्याला थोडा मोठा, मंद आणि आडवा करा, कारण पडवीतल्या माणसाच्या डोळ्यात समोरचं अंगण आडव्या पट्ट्यासारखं उमटतं. काकांचा फोटो पूर्ण मोठा करून त्यांच्या डोळ्यात बघा, तो पट्टा किती उंचीवर आहे ते दिसेल.

जास्वंद

दिसला! बाहुलीच्या मधोमध, किंचित खालच्या अंगाला. मी वरच्या बाजूला करणार होते.